पहाटेची बाटली, १.०३० आणि दोन प्लस

"मॅडम नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला, वय ३६. बाग आहे, सीझनला बेदाणा शेडवर असतो. गावात शिबिर होतं तेव्हा पहाटे साडेपाचला घरीच लघवी बाटलीत धरून दिली, ती सांगलीला नेऊन तपासली, रिपोर्टवर टाईम दुपारी १२ चा आहे. पीएच ५.०, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०३०, कॅल्शियम ऑक्झलेट क्रिस्टल्स ++, पस सेल्स २-३, आरबीसी निल, प्रोटीन शुगर निल. मला दुखत वगैरे काय नाही. पण थोरल्या भावाचा मुतखडा दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीनं काढलाय. मेडिकलवाल्यानं लघवीचं गुलाबी सिरप दिलंय ते चालू केलंय, घरच्यांनी दूध आणि टोमॅटो बंद केलं, मित्र बिअर पी म्हणतात. मला खडा आहे का, नसेल तर होणार का?"

नमस्कार भाऊ. रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर पहिल्यांदा त्या दोन प्लसवर जाते. पण आम्ही लॅबवाले आधी वर बघतो, ती स्पेसिफिक ग्रॅव्हिटी किती आणि पीएच किती, कारण ते दोन आकडे कळल्याशिवाय क्रिस्टलचा अर्थच लागत नाही.

आपल्याकडं कुणाला समजवायचं तर मी काकवीची बाटली सांगते. गुऱ्हाळावरनं काकवी आणली, बाटलीत भरून फळीवर ठेवली आणि थंडीत महिन्याभरानं बघितलं तर तळाला साखरेचे खडे बसलेले असतात. कुणी वरनं साखर टाकली का? नाही. काकवी घट्ट होती आणि गार झाली एवढंच. तीच काकवी दुप्पट पाण्यात पातळ केली असती तर तळाला काय पण बसलं नसतं. लघवीचं अगदी हेच आहे. घट्ट किती आहे ते स्पेसिफिक ग्रॅव्हिटी सांगते, आंबट किती आहे ते पीएच सांगतो, आणि क्रिस्टल म्हणजे तळाला बसलेला माल. फरक एवढाच की माल किडनीत बसला का बाटलीत बसला हे त्या कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं, आणि तुमच्या केसमध्ये मेन प्रश्न तोच आहे.

आधी १.०३० बघू. पाणी १.००० धरलं तर तुमची लघवी तेवढ्याच मापाला पाण्यापेक्षा थोडी जड, का तर तिच्यात युरिया, मीठ, कॅल्शियम, ऑक्झलेट असा सगळा ऐवज विरघळलेला आहे. पूर्वी काचेचं तरंगतं मीटर टाकून मोजायचो तेव्हा एक जुना हिशोब शिकवायचे, शेवटच्या दोन आकड्यांना २.६ नं गुणायचं म्हणजे लिटरभर लघवीत साधारण किती ग्रॅम ऐवज आहे ते निघतं. अंदाजच आहे, पण समजायला फार सोपा. तुमचे ३० गुणिले २.६ म्हणजे ७८ ग्रॅम. आता चांगल्या खात्यापित्या माणसाच्या शरीरातनं दिवसाला ढोबळमानानं ५०-६० ग्रॅम असा ऐवज लघवीतनं बाहेर पडायचाच असतो, पाणी कमी प्या नाहीतर जास्त प्या. म्हणजे तुमची दिवसभराची लघवी सगळीच १.०३० वाली असेल तर ६० भागिले ७८, पाऊण लिटरच्या आसपास लघवी होतीय दिवसाला. तीच १.०१० असती तर लिटरमागं २६ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन लिटरच्या वर. मुतखड्याच्या पेशंटला डॉक्टर दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे म्हणतात ना, तो आकडा आणि हा हिशोब एकाच ठिकाणी येऊन भेटतात.

पण तुमची ती लघवी पहाटेची पहिली होती. रात्री नऊला जेवून झोपलात, आठ तास पाण्याचा घोट नाही, त्याच्या आदल्या दिवशी एप्रिलच्या उन्हात शेडवर. अशा वेळी निरोगी किडनीनं जे करायला पाहिजे तेच तिनं केलंय, पाणी वाचवलं. खरं तर १.०३० पर्यंत घट्ट करू शकणारी किडनी ही चांगली चाललेली किडनी आहे. ज्यांची किडनी थकलेली असते त्यांची लघवी सकाळ संध्याकाळ १.०१० च्या आसपासच अडकून बसते, घट्टही होत नाही आणि पातळही होत नाही. तेव्हा पहाटेचा १.०३० हा आजार नाही. दुपारी चारला, रात्री आठला पण तोच आकडा येत असेल तर मात्र तो खड्याच्या रस्त्यावरचा मैलाचा दगड आहे.

आणि एक आतली गोष्ट सांगते जी रिपोर्टवर कुणी लिहीत नाही. बहुतेक लॅबमध्ये हे आकडे पट्टीवरनं येतात, ती प्लास्टिकची रंगीत चौकोनांची पट्टी लघवीत बुडवायची आणि डबीवरच्या रंगाशी जुळवायची, नाहीतर मशीन जुळवतं. नेहमीच्या पट्टीवर ग्रॅव्हिटीचा शेवटचा रंग १.०३० चाच असतो, त्याच्या पुढं रंगच नाही. आणि पीएचचा सगळ्यात खालचा रंग ५.० चा. म्हणजे तुमचे दोन्ही आकडे पट्टीच्या टोकाला टेकलेले आहेत, खरी ग्रॅव्हिटी १.०३० पण असेल, १.०३४ पण असेल, पट्टीला त्याच्या पुढं बोलताच येत नाही. शिवाय पट्टी अर्ध्या नाहीतर एका आकड्याच्या उडीनं मोजते, ५.० नंतर थेट ५.५ किंवा ६.०, तेव्हा एका पट्टीवरनं पीएचचा फार बारीक अर्थ काढत बसू नये.

आता ते साडेसहा तास. लघवी शरीरातनं बाहेर पडते तेव्हा ३७ डिग्रीला असते. बाटलीत ती खोलीच्या तापमानाला येते, कुणी फ्रीजमध्ये किंवा आईसबॉक्समध्ये ठेवली तर अजून गार होते, आणि घट्ट असेल तर माल खाली बसायला लागतो. काकवीच. लघवी तासाभरात, फार तर दोन तासात बघायची असते, शिबिरात दोनशे बाटल्या एका गाडीतनं नेल्यावर ते कुठं जमणार, त्यांचा पण दोष नाही, शिबिराचा उद्देश शुगर प्रोटीन पकडायचा असतो. पण क्रिस्टलच्या बाबतीत असल्या सॅम्पलवरनं मी सही करताना दहा वेळा विचार करेन. ते दोन प्लस किडनीतले किती आणि तासगाव-सांगली रस्त्यावर तयार झालेले किती हे सांगायला मार्गच नाही.

गंमत म्हणजे पीएचचं उलटं असतं. बाटली पडून राहिली की त्यात जंतू वाढतात, ते युरिया फोडून अमोनिया करतात आणि पीएच वर चढतो. म्हणजे शिळ्या सॅम्पलला ७ किंवा ८ पीएच आला तर आम्ही विश्वास ठेवत नाही, पण साडेसहा तासानंतर पण ५.० आलाय म्हटल्यावर तो निघाला तेव्हा पण आंबटच होता एवढं धरायला हरकत नाही. पहाटे लघवी आंबट असणं पण नॉर्मलच, जेवणानंतर ती जरा अल्कलीकडं झुकते.

बरं, आता पीएच ५.० आणि कॅल्शियम ऑक्झलेट, ह्या दोघांचा फारसा संबंध नाही हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. कॅल्शियम ऑक्झलेट साधारण कुठल्याही पीएचला बसतं, ५ असो नाहीतर ६.५ असो, त्याला लागतो घट्टपणा, जास्त कॅल्शियम, जास्त ऑक्झलेट नाहीतर कॅल्शियमला धरून ठेवणारं सायट्रेट कमी. त्यामुळं लघवी अल्कलाइन केली की हे क्रिस्टल विरघळतील हा जो समज आहे तो चूक आहे, आणि तुमचं गुलाबी सिरप त्याच समजावर विकलं जातं. पीएचवर खरं नाचतं ते यूरिक ॲसिड. पीएच ५ ला लिटरभर लघवीत साधारण दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास यूरिक ॲसिड विरघळून राहू शकतं, साडेसहाला त्याच्या जवळपास दहापट. माणूस दिवसाला पाचसहाशे मिलिग्रॅम तरी बाहेर टाकतो. म्हणजे दिवसभर पीएच ५ आणि लघवी एक लिटर, असं असेल तर उरलेल्या मालाला विरघळायला जागाच नाही, तो बसणारच.

ह्याची एक केस सांगते म्हणजे डोक्यात बसेल. मिरजेकडचे एक गृहस्थ, वय पन्नाशीच्या पुढं, वजन जरा जास्त, शुगर दहा वर्षं. कंबरेत दुखतंय म्हणून आले, एक्स-रे काढला तर स्वच्छ, सोनोग्राफीत उजव्या किडनीत ९ मिलिमीटरचा खडा. लघवी सकाळी बघितली पीएच ५.०, मी म्हटलं दुपारी जेवून या, जेवून आले तरी ५.०, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत ५.०. ग्रॅव्हिटी मात्र एकदा १.०२५ एकदा १.०१५ अशी वरखाली. आणि ताज्या कोमट लघवीत पिवळसर तपकिरी शंकरपाळ्या, अगदी दिवाळीच्या, यूरिक ॲसिडचे क्रिस्टल असेच दिसतात. इथं तीन गोष्टी एका रेषेत आल्या, पीएच दिवसभर हलत नाही, त्याच पीएचला बसणारा क्रिस्टल ताज्या सॅम्पलमध्ये आहे, आणि एक्स-रेमध्ये न दिसणारा खडा, कारण शुद्ध यूरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही. शुगर आणि वजनवाल्यांच्यात हे जास्त दिसतं, त्यांची किडनी अमोनिया कमी बनवते म्हणून लघवी आंबटच राहते. त्यांच्या यूरोलॉजिस्टनी पोटॅशियम सायट्रेट देऊन पीएच साडेसहाच्या आसपास धरला आणि काही महिन्यांनी सोनोग्राफीत खडा दिसला नाही. औषधानं विरघळवता येतो असा खडा म्हणजे मुख्यतः हाच, आणि म्हणून पीएच दिवसातनं दोनतीनदा बघण्याला अर्थ आहे. पण हे बघून कुणी स्वतःच पोटॅशियम सायट्रेट चालू करू नका, किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम चढतं आणि ते हार्टला धोक्याचं आहे.

तुमची केस तशी नाही, निदान एका बाटलीवरनं तरी तसं म्हणता येत नाही. तुमची परत तपासायला लागेल आणि नीट पद्धतीनं. सिरप आधी दोनतीन दिवस बंद करा, नाहीतर पीएच सिरपचा येईल तुमचा नाही. मग एखाद्या कामाच्या दिवशी, रविवारी नव्हे, शेडवरनं सुटल्यावर संध्याकाळी पाच-सहाला थेट लॅबमध्ये जाऊन तिथंच द्या. त्या दिवशी मुद्दाम तांब्याभर पाणी ढोसून जाऊ नका, रोज जेवढं पिता तेवढंच प्या, लोक हमखास परीक्षेला जाताना अभ्यास करतात तसं करतात. दुसरं सॅम्पल दुसऱ्या एखाद्या दिवशी सकाळचं, पण पहिली लघवी घरी सोडून दुसरी लॅबमध्ये. टेक्निशियनला सांगा क्रिस्टलसाठी बघायचंय, लगेच बघा, फ्रीजला नको. आम्ही दहाएक मिली लघवी मशीनमध्ये पाच मिनिटं फिरवतो, वरचं ओतून देतो आणि तळाचा थेंब काचेवर घेऊन बघतो, दहा मिनिटांचं काम आहे. आणि नुसतं प्लस नको, क्रिस्टल कुठल्या आकाराचे, किती आणि सुटे का गुच्छानं तेवढं लिहून मागा.

आकाराचं का म्हणते तर कॅल्शियम ऑक्झलेट दोन रूपात दिसतं. एक टपालाच्या पाकिटासारखं, मागनं बघितलं की मधे फुली दिसते तसं चौकोनी. हे अगदी कॉमन, पालक खाऊन आलेल्या धडधाकट पोरात पण दिसतं. दुसरं डमरूसारखं किंवा लांबट गोल, हे ताज्या लघवीत परत परत भरपूर दिसायला लागलं की आम्ही जरा सरसावून बसतो, कारण लघवीत ऑक्झलेट जास्त असताना हे दिसतं. गुच्छ पण तसाच, सुटा कण लघवीबरोबर वाहून जातो, चिकटून मोठा झालेला अडकतो.

आता निकालाचे अर्थ. संध्याकाळच्या ताज्या सॅम्पलमध्ये ग्रॅव्हिटी १.०१५ च्या खाली आणि क्रिस्टल नाहीत, तर शिबिरातले दोन प्लस बाटलीचे होते समजा आणि विषय तिथंच सोडा. ग्रॅव्हिटी संध्याकाळी पण १.०२५ च्या वर आणि पाकिटवाले क्रिस्टल आहेत, तर तुमचा प्रॉब्लेम पाणी आहे, आणि माझा अंदाज विचाराल तर शेडवरच्या माणसाचं हेच निघेल. तिसरी शक्यता जरा वेगळी, लघवी चांगली पातळ आहे, १.०१० आहे, आणि तरी पण ताज्या सॅम्पलमध्ये भरपूर क्रिस्टल. पातळ काकवीत साखर बसतीय म्हणजे साखरच फार आहे, तिथं मग २४ तासाची लघवी गोळा करून तिच्यात कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट, यूरिक ॲसिड, सोडियम किती ते मोजायला लागतं आणि यूरोलॉजिस्ट गाठायला लागतो. आणि ह्यातलं काहीही असलं तरी क्रिस्टलबरोबर आरबीसी यायला लागल्या, म्हणजे लघवीत रक्त, तर मग लगेच सोनोग्राफी. तुमच्या निल आहेत ते बरं आहे.

उलटी बाजू पण सांगते, किडनीत चांगला सेंटिमीटरभर खडा बसलेला आणि लघवीत एक पण क्रिस्टल नाही असे रिपोर्ट मी स्वतः सही केलेत. खडा शांत बसून असतो, त्या दिवशी माणूस भरपूर पाणी पिऊन आलेला असतो. म्हणून क्रिस्टल म्हणजे खडा नव्हे आणि क्रिस्टल नाहीत म्हणजे खडा नाही असंही नव्हे. तुम्हाला आत्ता खडा आहे का ह्याचं उत्तर लघवी देणारच नाही, ते सोनोग्राफी देईल. सख्ख्या भावाला झालेला असला की आपला धोका इतरांच्या दुपटीच्या आसपास धरतात, तेव्हा एकदा सोनोग्राफी करून घ्या, लघवीनं गच्च भरलेल्या पोटानं, म्हणजे मूत्राशय पण नीट दिसतं.

बाकीच्या क्रिस्टलचं थोडक्यात, कारण तुम्हाला लागू नाही पण वाचणाऱ्यांना असेल. पीएच सातच्या वर, पस सेल्स भरपूर, आणि शवपेटीच्या झाकणासारखे ट्रिपल फॉस्फेटचे क्रिस्टल, हे तिन्ही ताज्या सॅम्पलमध्ये असतील तर जंतुसंसर्गातनं होणारा खडा मनात धरून लघवीचं कल्चर करतात. आणि मधमाशीच्या पोळ्याच्या घरासारखे सहा बाजूंचे रंग नसलेले क्रिस्टल, सिस्टिनचे, हे एकदा जरी दिसले तरी सोडायचे नाहीत. हा जन्मजात दोष असतो, बाटली शिळी होती म्हणून वगैरे तो येत नाही, आणि बहुतेक वेळा लहान वयात खडे चालू होतात.

आता पाणी. नुसतं जास्त प्या म्हणून उपयोग नाही, कारण शेडवर तुम्ही चार लिटर पिता आणि अडीच घामात जातं, तेव्हा प्यायलेलं मोजू नका, बाहेर पडलेलं मोजा. एक दिवस कामाचा धरा, पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, बेदाण्याची द्राक्षं ज्यात बुडवतो त्या डिपिंग ऑइलचा रिकामा कॅन घेऊ नका म्हणजे झालं. सकाळची पहिली लघवी सोडून द्या आणि तिथनं दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी त्यात. दोन लिटरच्या वर, जमलं तर अडीच भरली पाहिजे. एक लिटर भरली तर वरचा ६० ग्रॅमचा हिशोब आठवा. इटलीत एकदा खडा होऊन गेलेल्या १९९ माणसांवर पाच वर्षं हे बघितलंय, १९९६ साली छापून आलं, ज्यांना रोज दोन लिटरच्या वर लघवी होईल एवढं पाणी प्यायला सांगितलं त्यांच्यातल्या १२ टक्के लोकांना परत खडा झाला आणि ज्यांना असं काही सांगितलं नव्हतं त्यांच्यात २७ टक्के. बिनऔषधाचा एवढा फरक.

वाटून प्या. सकाळी तीन ग्लास आणि मग संध्याकाळीच, असं केलं की दुपारभर लघवी घट्टच राहते. झोपताना एक ग्लास, आणि रात्री लघवीला उठलात तर परत अर्धा, कारण सगळ्यात घट्ट लघवी पहाटेचीच. रंगावरनं पण कळतं, पातळ सरबतासारखी पाहिजे, फक्त बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर रंगावर जाऊ नका, ती पाण्यालाही पिवळं करते. बोअरचं पाणी जड आहे म्हणून खडे होतात असं आपल्याकडं प्रत्येक गावात म्हणतात, मला त्या पाण्यापेक्षा न प्यायलेल्या पाण्याची जास्त काळजी वाटते.

दूध चालू करा, आजच. ही घरोघरची चूक आहे. कॅल्शियमचा खडा म्हणून कॅल्शियम बंद असं लोकांना वाटतं, पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि दोघं मिळून संडासवाटे जातात. दूध दही बंद केलं की ऑक्झलेट मोकळं सुटतं, रक्तात जातं आणि लघवीत उतरतं. ह्याच्यावर पण २००२ चा अभ्यास आहे, परत परत खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर. कॅल्शियम कमी केलेल्यांच्यात पाच वर्षांत ३८ टक्के लोकांना परत खडा आणि नेहमीएवढं कॅल्शियम घेऊन मीठ आणि मांस कमी केलेल्यांच्यात २० टक्के. जेवणाबरोबर वाटीभर दही किंवा ताक घ्या, ताकात मीठ कमी. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र मनानं नकोत.

टोमॅटोचा काही दोष नाही, त्याच्यात ऑक्झलेट फार नसतं, बिया किडनीत जाऊन बसतात हे तर ऐकायला पण कसंतरी वाटतं. खरं ऑक्झलेट पालक, चाकवत, आंबट चुका, अळू ह्यांच्यात. आठवड्यातनं एखाद्या वेळेस, उकडून पाणी ओतून देऊन, दह्याबरोबर खा. शेंगदाणे पण त्याच यादीतले, जेवताना चमचाभर शेंगा चटणीनं काय होत नाही, पण शेडवर टाइमपास म्हणून ओंजळ ओंजळ खारे दाणे आणि भडंग, त्याच्यात मीठ पण आलं आणि मिठानं लघवीतलं कॅल्शियम वाढतं. माझ्या मते आपल्या भागातल्या माणसानं पालकापेक्षा पापड, लोणचं, ठेचा आणि भडंगातल्या मिठाकडं आधी बघावं. हळदीचं पण सांगते, सांगलीत बसून हळदीविरुद्ध बोलायचं म्हणजे जरा धाडसच. भाजीत घालतो तेवढ्या हळदीनं काही बिघडत नाही, पण हळदीच्या कॅप्सूल किंवा रोज चमचाभर हळद पाण्यातनं असं जे चालू झालंय त्यानं लघवीतलं ऑक्झलेट वाढतं. कोरोनापासनं रोज व्हिटॅमिन सी हजारची गोळी चघळणाऱ्यांचं पण तेच.

बिअरनं लघवी जास्त होते हे खरं, पण नंतर शरीर कोरडं पडतं आणि यूरिक ॲसिड वाढतं, तेव्हा मित्रांना म्हणावं पार्टी करायची तर सरळ पार्टी म्हणा. कुळथाचं माडगं आवडत असेल तर प्या, पाणीच जातं पोटात, पण त्यानं क्रिस्टल विरघळतील ह्या भरवशावर राहू नका. लिंबू चांगलं, त्यात सायट्रेट असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. दिवसाला दोन लिंबं पाण्यात पिळून प्या, फक्त साखर आणि मीठ घालून त्याचं सरबत करू नका.

गुलाबी सिरप बंदच ठेवा. त्यातल्या बहुतेकांत सोडियमचं सायट्रेट असतं, म्हणजे एका बाजूनं सायट्रेट आणि दुसऱ्या बाजूनं सोडियम, आणि उगाच महिनोन् महिने पीएच सातच्या वर गेला तर कॅल्शियम फॉस्फेट बसायला लागतं, एक टाळायला गेलो आणि दुसरं. सायट्रेटची गरज ज्याला असते त्याला यूरोलॉजिस्ट चाचणी करून देतात.

आणि हे मात्र वाट बघायचं नाही, कमरेतनं जांघेकडं जाणारी कळ आणि त्याबरोबर थंडी वाजून ताप, नाहीतर लघवीच होत नाही, तर त्या वेळी लॅब, लघवीची बाटली, पाणी पिऊन बघू, असलं काही नाही, थेट हॉस्पिटल, रात्री दोनला असलं तरी.

शेवटचं एक काम भावाकडं. दुर्बिणीनं काढलेला खडा बरेच लोक डबीत घालून घरी ठेवतात, देव्हाऱ्यात ठेवलेला पण मी बघितलाय. तुमच्या भावानं ठेवला असेल तर तो कोरडा खडा आज पण लॅबला देऊन कशाचा आहे ते बघता येतं, दोन वर्षं झाली म्हणून बिघडत नाही, आणि तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला का यूरिक ॲसिडचा त्यावरनं तुमच्या लघवीत आपण पीएच शोधायचा का घट्टपणा ते ठरेल. संध्याकाळचं सॅम्पल द्यायला जाताना डबी बरोबर घेऊन जा.